कमी दिसत असेल तर व्हॉट्सअ‍ॅप कसं वापराल?

काचबिंदू, मधुमेहामुळे बिघडलेला डोळ्याचा पडदा, वयोमानाने येणारा मॅक्युलाचा विकार अशा कारणांनी दृष्टी मंदावलेल्या वाचकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न सतत येत असतात. त्यातले तीन प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात. ‘टॉकबॅक सुरू केलं आणि फोन अडकूनच बसला, आता काय करू?’ ‘माइक दाबून बोलतो, पण अक्षरं उमटत नाहीत, माझा आवाजच पुढे जातो, असं का?’ आणि ‘मराठी मेसेज आला की फोन गप्प का बसतो?’

हा लेख या तीन प्रश्नांभोवती आहे. इथे दिलेल्या पायऱ्या अँड्रॉइड फोन, गूगलचं टॉकबॅक, गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅप यांच्यासाठी आहेत. कंपनीनुसार सेटिंग्जमधली नावं थोडी इकडेतिकडे होतात, क्रम मात्र साधारण हाच असतो. पहिल्या दिवशी एखादी डोळस व्यक्ती शेजारी असेल तर काम सोपं होतं.

आधी ठरवा: टॉकबॅक लागेल का?

टॉकबॅक म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं, फोनमध्ये आधीपासूनच असलेलं साधन. ते सुरू केलं की फोन हाताळण्याची पद्धतच बदलते, त्यामुळे गरज असेल तरच त्याकडे वळा. पर्याय असे आहेत.

- अक्षरं मोठी करणं. फोनच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये फॉन्टचा आकार वाढवा. त्याखेरीज व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’खाली फॉन्टचा वेगळा आकार असतो, तोही ‘लार्ज’ करा. अनेकजण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात.
- सिलेक्ट टू स्पीक. याने फोन नेहमीसारखाच चालतो. वाचून हवं असेल तेव्हा एक बटण दाबायचं आणि त्या मेसेजवर बोट ठेवायचं, तेवढाच मजकूर ऐकू येतो.
- टॉकबॅक. बटणंही दिसत नसतील किंवा वाचताना थोड्याच वेळात डोळे दुखत असतील, तर हाच मार्ग.

निवड करताना तुमची दृष्टी कशी गेली आहे, हे लक्षात घ्या. मॅक्युलाच्या विकारात मधलं दिसत नाही आणि कडेचं दिसतं. अशा वेळी मोठ्या अक्षरांचा उपयोग होतो. पुढे गेलेल्या काचबिंदूत किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसामध्ये कडेचं जातं आणि मधली अरुंद खिडकी उरते. तिथे अक्षरं फार मोठी केली तर त्या खिडकीत दोनच शब्द मावतात आणि वाक्य हातातून निसटतं. अशांनी अक्षर मध्यम ठेवावं, पार्श्वभूमी गडद करून पाहावी आणि लांब मजकूर ऐकावा.

सोपी कसोटी अशी: चार ओळींचा मेसेज एका दमात वाचून त्याचा अर्थ सांगता येतो का? येत असेल तर पहिले दोन पर्याय पुरेत. येत नसेल तर पुढे वाचा.

टॉकबॅक सुरू करण्याआधीच्या दोन गोष्टी

फोन ‘अडकतो’ तो बहुतेक वेळा ही तयारी न केल्यामुळे. टॉकबॅक सुरू झालं की एका स्पर्शाने काहीच उघडत नाही. माणूस घाबरून जोरजोरात दाबत राहतो आणि फोन नुसतं बोलत राहतो. त्यात बिघाड काहीच नसतो.

1. बंद करण्याची वाट आधी तयार ठेवा. सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग टॉकबॅक इथे जा. तिथे ‘शॉर्टकट’मध्ये आवाजाची दोन्ही बटणं निवडा. आता आवाज वाढवण्याचं आणि कमी करण्याचं बटण एकत्र तीनेक सेकंद दाबून धरलं की टॉकबॅक सुरू होतं आणि तसंच पुन्हा धरलं की बंद होतं. टॉकबॅक वापरायला लागण्यापूर्वी एकदा करून बघा. ही वाट हाताशी असली की निम्मी भीती जाते.

2. मराठी आवाज घाला. ‘मराठी मेसेज आला की फोन गप्प बसतो’ याचं कारण इथे आहे. फोनचा आवाज फक्त इंग्रजी असेल तर देवनागरी मजकूर तो गाळतो किंवा भलतंच काही बोलतो. सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट टू स्पीच’ शोधा. इंजिन म्हणून गूगलचं निवडा, त्याच्या सेटिंग्जमधून मराठी आवाज उतरवून घ्या आणि भाषा मराठी करा. बोलण्याचा वेग सुरुवातीला कमी ठेवा, कान सरावला की वाढवा.

फोनचे मेनूही मराठीत करावेत का, असं अनेकजण विचारतात. आवाज मराठी असला म्हणजे मेनू मराठी असलेच पाहिजेत असं नाही. तुम्हाला फोनवरून मदत करणारा मुलगा किंवा भाची ज्या भाषेतली बटणांची नावं ओळखते, तीच ठेवा. नाहीतर ती म्हणणार ‘सेटिंग्जमध्ये जा’ आणि तुमचा फोन त्याला दुसरंच नाव देणार.

बोटांच्या पाच खुणा

सगळ्या खुणा एकदम शिकू नका. व्हॉट्सअ‍ॅपसाठी एवढ्या पुरतात.

- एक बोट पडद्यावर हळूच फिरवा: बोटाखाली जे येईल ते ऐकू येतं.
- एक बोट उजवीकडे किंवा डावीकडे झटकन सरकवा: पुढची किंवा मागची गोष्ट ऐकू येते.
- पडद्यावर कुठेही एका बोटाने दोनदा पटकन टिचकी मारा: शेवटची ऐकलेली गोष्ट उघडते.
- दोन बोटं एकत्र वर किंवा खाली सरकवा: यादी पुढे-मागे सरकते.
- तीन बोटांनी एकदा टिचकी मारा: टॉकबॅकचा मेनू उघडतो. जुन्या फोनवर यासाठी एक बोट खाली आणि न उचलता उजवीकडे न्यावं लागतं.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे. बटण सापडलं की त्याच्यावरच नेम धरून टिचक्या मारण्याची गरज नाही. नाव ऐकलं, बोट उचललं, पडद्यावर कुठेही दोनदा टिचकी मारली की झालं. नजर अंधूक असलेला माणूस सवयीने पडद्याजवळ डोळे नेऊन त्याच जागी टिचकी मारायला जातो, हात हलतो, नेम चुकतो आणि शेजारचंच काहीतरी निवडलं जातं. पडद्याकडे न पाहता हाताला काम करू द्या, चुका कमी होतात.

आलेले मेसेज ऐकताना

व्हॉट्सअ‍ॅप उघडून यादीवरून बोट फिरवा. प्रत्येक ओळीला पाठवणाऱ्याचं नाव, मेसेजचा शेवटचा भाग, वेळ आणि न वाचलेल्या मेसेजची संख्या ऐकू येईल. हवं ते नाव आलं की दोनदा टिचकी मारा. चॅट उघडल्यावर सर्वांत नवा मेसेज पडद्याच्या खालच्या भागात, लिहिण्याच्या चौकटीच्या लगेच वर असतो. तिथे बोट ठेवा. मागचे मेसेज ऐकायला डावीकडे झटका देत जा.

तीन ठिकाणी अडचण येते. पहिल्या दोन्हींवर उपाय समोरच्या माणसाकडे आहे.

- इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. ‘Udya yetes ka’ असा मेसेज आवाज इंग्रजी शब्दांसारखा वाचायला जातो आणि त्यातून काही अर्थ लागत नाही. घरच्यांना स्पष्ट सांगा: मला देवनागरीत लिहा.
- चित्रातला मजकूर. सोसायटीची नोटीस, लग्नपत्रिका, सुप्रभातचे संदेश ही सगळी छायाचित्रं असतात. टॉकबॅक तिथे ‘फोटो’ एवढंच सांगून थांबण्याची शक्यता जास्त. छायाचित्रातली अक्षरं ओळखायला गूगल लेन्स वापरता येतं. नोटीस महत्त्वाची असेल तर तीच मजकूर म्हणून पाठवायला सांगा.
- इमोजींची माळ. आवाज प्रत्येक इमोजीचं नाव घेतो. दहा फुलं असतील तर दहा नावं ऐकावी लागतात. दोन बोटांनी एकदा टिचकी मारली की बोलणं थांबतं.

दोन माइक: घोळ नेमका इथे होतो

चॅट उघडलं की पडद्यावर दोन वेगळे माइक येतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत.

पहिला माइक व्हॉट्सअ‍ॅपचा. तो लिहिण्याच्या चौकटीच्या उजव्या बाजूला असतो आणि टॉकबॅक त्याला व्हॉइस मेसेजचं बटण म्हणून सांगतं. तो दाबून धरून बोललात तर तुमचा आवाज पाठवला जातो. बोट उचललं की तो लगेच गेलाच, मध्ये तपासायला वेळ मिळत नाही.

दुसरा माइक कीबोर्डचा. चौकटीवर दोनदा टिचकी मारल्यावर खालून कीबोर्ड वर येतो. त्याच्या अगदी वरच्या पट्टीत, साधारण उजव्या टोकाला हा माइक असतो आणि त्याचं नाव व्हॉइस टायपिंग असं ऐकू येतं. याने तुमचं बोलणं अक्षरांत उतरतं आणि पाठवण्याचं बटण दाबेपर्यंत ते तुमच्याजवळच राहतं.

चौकटीत एक अक्षर जरी उमटलं की पहिल्या माइकच्या जागी पाठवण्याचं बटण येतं. त्याच जागी आता ‘सेंड’ ऐकू येत असेल तर चौकटीत मजकूर आहे, आणि अजूनही व्हॉइस मेसेज ऐकू येत असेल तर चौकट रिकामी आहे. तुमचं बोलणं उमटलं की नाही, हे तपासण्याचा हा सर्वांत जलद मार्ग.

कोणता माइक कधी वापरायचा? घरच्यांशी गप्पा असतील तर आवाज पाठवणं चांगलं. पत्ता, तारीख, औषधाचं नाव, पैशाची रक्कम, डॉक्टरांना किंवा कार्यालयाला काही कळवायचं असेल, तर अक्षरं पाठवा. ती समोरच्याला शोधता येतात, दुसऱ्याला पुढे पाठवता येतात आणि तुम्हालाही पाठवण्याआधी तपासता येतात.

दुसऱ्या माइकला मराठी यावी म्हणून जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘भाषा’ उघडून मराठी घाला आणि देवनागरीची मांडणी निवडा. मराठी बोलूनही निरर्थक इंग्रजी शब्द उमटत असतील, तर कीबोर्ड इंग्रजीवर आहे, असं समजा. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलण्याची यादी येते. टॉकबॅक सुरू असताना बोट स्पेसबारवर आणा, दोनदा टिचकी मारा आणि दुसऱ्या टिचकीला बोट टेकवूनच ठेवा. माइकच सापडत नसेल तर कीबोर्ड जीबोर्ड आहे की कंपनीचा दुसरा, हे आधी बघा, आणि माइक वापरण्याची परवानगी दिलेली आहे का, तेही तपासा.

एक उत्तर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, साताऱ्याच्या एका आजींना पुण्यातल्या मुलीचा मेसेज आला आहे: ‘आई, शनिवारी कुठल्या गाडीने येतेस? औषधं घेऊन ठेवू का?’

1. आजी इयरफोन लावतात. हे पहिलं करायचं, कारण फोनच्या स्पीकरवरून टॉकबॅक बोलत असेल तर त्याचे शब्द माइकमध्ये शिरून आजींच्या वाक्यात मिसळतात.
2. पडद्याच्या वरच्या कडेवर बोट नेऊन चॅटचं नाव ऐकतात. मुलीचंच आहे. मग चौकटीवर येऊन दोनदा टिचकी.
3. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत बोट फिरवून व्हॉइस टायपिंग शोधतात. बहुतेक फोनवर कीबोर्डवरून बोट उचललं की ती कळ दाबली जाते. तसं झालं नाही तर दोनदा टिचकी मारतात.
4. माइक सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत थांबून सलग बोलतात: ‘शनिवारी सहाच्या गाडीने निघते, स्वारगेटला उतरेन, औषधं घेऊ नकोस, माझ्याकडे आहेत.’ मध्ये फार थांबल्या तर माइक आपोआप बंद होईल, म्हणून वाक्य मनात जुळवून मगच बोलायला लागतात.
5. आता पाठवायचं नाही. चौकटीवर बोट ठेवून मजकूर ऐकतात. ऐकू येतं: ‘शनिवारी दहाच्या गाडीने निघते स्वारगेटला उतरेन औषधं घेऊन कोस माझ्याकडे आहेत’.

यात दोन चुका आहेत. ‘घेऊन कोस’ कानाला लगेच खटकतं. ‘दहाच्या’ असलेलं वाक्य मात्र अगदी सरळ आहे. आजी नुसता सूर ऐकत राहिल्या तर ते निसटेल आणि मुलगी चार तास उशिरा स्टँडवर येईल. व्हॉइस टायपिंगमधली धोक्याची चूक ही दुसऱ्या प्रकारची असते, शुद्ध वाक्यातला चुकीचा शब्द. म्हणून ऐकताना तीन गोष्टी मुद्दाम तपासा: आकडे, नावं आणि नकार.

6. दुरुस्ती. मेसेज छोटा असेल तर तुकड्यातुकड्याने दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुसून पुन्हा बोलणं सोपं. तीन बोटांच्या टिचकीने मेनू उघडून मजकुराच्या पर्यायांमधून सगळं निवडायचं आणि कीबोर्डवरची पुसण्याची कळ दाबायची. दुसऱ्यांदा बोलताना आजी शब्द बदलतात: ‘शनिवारी सकाळी सहा वाजताच्या एसटीने निघते. औषधं आहेत, आणायची गरज नाही.’ ‘सकाळी’ आणि ‘वाजता’ जोडल्याने आकड्याला आधार मिळतो, आणि ‘नकोस’ऐवजी ‘गरज नाही’ हे दोन सुटे शब्द नीट उमटतात.
7. पुन्हा ऐकतात. बरोबर आहे. उजवीकडे सेंड शोधून दोनदा टिचकी.

लांब मेसेजमध्ये एकच शब्द बदलायचा असेल तर चौकटीत असताना एक बोट वर किंवा खाली सरकवा, कर्सर एकेक अक्षर पुढे-मागे जातो. टॉकबॅकच्या वाचन-नियंत्रणातून ‘शब्द’ निवडलं तर तो शब्दाशब्दाने जातो. पूर्णविराम आणि स्वल्पविराम आपोआप पडतीलच, असं धरून चालू नका. त्यामुळे एका मेसेजमध्ये एकच विषय ठेवा.

पाठवल्यावर चूक कळली तरी हातात उपाय आहेत. तुमच्या मेसेजवर बोट ठेवून दोनदा टिचकी मारा, दुसरी टिचकी टेकवून धरा. मेसेज निवडला गेला की वरच्या पट्टीतल्या मेनूत पर्याय येतात. १५ मिनिटांच्या आत तो बदलता येतो. सर्वांसाठी पुसून टाकायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते.

खासगीपणा सांभाळा

टॉकबॅक आलेला मेसेज मोठ्याने वाचतं, बँकेचा ओटीपीही. रांगेत, एसटीत किंवा दवाखान्यात असताना इयरफोन लावा, निदान आवाज तरी कमी करा. पासवर्ड उच्चारण्याबद्दलचं सेटिंग टॉकबॅकमध्ये वेगळं असतं, ते फक्त हेडफोनपुरतं ठेवा.

मदत घेताना फोन कुणाच्या हातात देता, हेही ठरवून घ्या. मेसेज वाचायला दिलेला फोन म्हणजे यूपीआयचा पिन विचारण्याची परवानगी नव्हे. ‘तुम्हाला दिसत नाही ना, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करा, मी करून देतो’ असं अनोळखी माणूस म्हणाला तर कॉल बंद करा. स्क्रीन शेअर केल्यावर पडद्यावर येणारा ओटीपी त्यालाही दिसतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

तुमचा हक्क काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अल्पदृष्टी हे वेगळं दिव्यांगत्व आहे. चष्म्यासह, चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ हून कमी आणि ३/६० पर्यंत असेल, किंवा दिसण्याचं क्षेत्र ४० अंशांहून कमी आणि १० अंशांपर्यंत असेल, तर ती त्यात बसते. पूर्ण अंधत्व येईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

याच कायद्याचं ४२वं कलम दृक्-श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम स्वरूपात मिळेल याची जबाबदारी शासनावर टाकतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीसारख्या प्रक्रिया दिव्यांगांना सुगम करण्याचे निर्देश दिले.

व्यवहारात याचा उपयोग असा करा. एखाद्या शासकीय कार्यालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर सूचनेचं फक्त छायाचित्र पाठवलं, तर तीच सूचना मजकुरात पाठवण्याची लेखी मागणी करा. मागणीही व्हॉट्सअ‍ॅपवर अक्षरांतच करा, म्हणजे तारखेसकट नोंद राहते. दाद मिळाली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. गृहनिर्माण सोसायटी किंवा नातेवाइकांच्या ग्रुपसाठी हा मार्ग नाही. तिथे विनंतीच करावी लागते, आणि ती बहुधा मानली जाते.

आज एवढंच करा

पहिल्या दिवशी आवाजाच्या बटणांचा शॉर्टकट आणि मराठी आवाज एवढंच उरकून घ्या. मग घरातल्या एकाच माणसाच्या चॅटवर सराव करा आणि त्याला आधी सांगून ठेवा की अर्धवट मेसेज येतील. व्हॉइस टायपिंगने दिवसाला एक उत्तर पाठवा, प्रत्येक वेळी पाठवण्याआधी ऐका. ग्रुपवर लिहायला लागण्यापूर्वी आकडे, नावं आणि नकार तपासायची सवय कानाला लागलेली असली पाहिजे. प्रत्यक्ष शिकायचं असेल तर मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड किंवा सेंट झेवियर्स कॉलेजमधलं झेवियर्स रिसोर्स सेंटर, आणि पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन इथे चौकशी करा. जाताना स्वतःचाच फोन न्या, म्हणजे दुसऱ्याच्या सेटिंग्जवर शिकून घरी येऊन पुन्हा अडण्याची वेळ येणार नाही.